आजारपणाचं बिल आणि मोडू नये अशी गुंतवणूक

23 मार्च 2020 या दिवशी सेन्सेक्स 25,981 वर बंद झाला. दोनच महिन्यांपूर्वी तो 42 हजारांच्या वर होता. पुढे जानेवारी 2021 मध्ये त्याने 50 हजारांचा टप्पा गाठला. ज्यांनी मधल्या काळात आपली युनिट्स हलवली नाहीत, त्यांचं नुकसान कागदावरच राहिलं आणि कागदावरच भरून निघालं. पण त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ज्यांच्या घरातलं माणूस आयसीयूमध्ये होतं आणि ज्यांच्याकडे विमा नव्हता किंवा तोकडा होता, त्यांना बाजार सावरेपर्यंत थांबायची मुभा नव्हती. हॉस्पिटलचा कॅशियर आज पैसे मागतो. त्या घरांनी पडलेल्या भावात विकलं, आणि त्यांच्यासाठी तो तोटा कायमचा झाला.

आरोग्य विम्याची रक्कम ठरवताना हाच प्रश्न मध्यभागी ठेवायला हवा. ‘किती लाखांचा विमा चांगला?’ या प्रश्नाला तसं उत्तर नाही. ‘उद्या मोठ्यात मोठं बिल आलं, तर मुलीच्या शिक्षणाचे म्युच्युअल फंड, निवृत्तीचा पीपीएफ किंवा प्लॉट विकावा लागेल का?’ या प्रश्नाला मात्र नक्की उत्तर आहे, आणि ते आकडे मांडून काढता येतं. विम्याची रक्कम, पॉलिसीतल्या अटी आणि हाताशी असलेली रोकड या तिन्हींनी मिळून ते बिल पेललं पाहिजे. एकही बाजू लंगडी असेल तर भार शेवटी गुंतवणुकीवरच येतो.

एक घर, एक बिल

उदाहरणासाठी नाशिकचं एक चौकोनी कुटुंब घेऊ. नवरा 42 वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला. बायको 39 वर्षांची, शिकवण्या घेते. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. कंपनीकडून पूर्ण कुटुंबाला 5 लाखांचं विमा संरक्षण आहे, आणि तेवढ्यावर ते निश्चिंत आहेत. बँकेत अडीअडचणीसाठी 2 लाख रुपये. दहा-बारा वर्षं चालवलेल्या एसआयपीतून इक्विटी फंडात 20 लाख साठलेत.

आता समजा नवऱ्याला स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पॅन्क्रिएटायटिस. हा आजार बहुतेकांमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांत आटोक्यात येतो. पण काही रुग्णांमध्ये संसर्ग पसरतो, इतर अवयव दमतात, आयसीयूतला मुक्काम लांबतो आणि मेलेला भाग काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. धरून चालू की पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात 21 दिवस आयसीयू आणि 12 दिवस साध्या खोलीत गेले. बिल असं झालं: आयसीयूचे 5 लाख 25 हजार, खोलीचे 1 लाख 8 हजार, डॉक्टर, शस्त्रक्रिया आणि ऑपरेशन थिएटरचे 4 लाख 20 हजार, औषधं आणि तपासण्यांचे 6 लाख 30 हजार, आणि विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तू व सेवांचे 1 लाख 17 हजार. एकूण 18 लाख.

कंपनीच्या विम्यातून 5 लाख आले. उरले 13 लाख. बँकेतले 2 लाख गेले. उरलेले 11 लाख म्युच्युअल फंडातून काढायचे. पण नेमका बाजार त्या वर्षी 25 टक्क्यांनी खाली आहे, म्हणून 20 लाखांचे 15 लाख झालेत. 11 लाख उभे करायला जवळजवळ तीन चतुर्थांश युनिट्स विकावी लागतात. शिवाय ती युनिट्स वर्षाहून जुनी असतील, तर वर्षाला सव्वा लाखापेक्षा जास्त नफ्यावर साडेबारा टक्के कर आहेच.

खरा फटका मात्र पंधरा वर्षांनी दिसतो. हे 11 लाख दरसाल 10 टक्क्यांनी वाढत राहिले असते, तर निवृत्तीच्या सुमारास साधारण 46 लाख झाले असते. म्हणजे 33 दिवसांच्या आजारपणाचं 18 लाखांचं बिल या घराला कितीतरी महाग पडलं. आणि आजारातून उठलेला 42 वर्षांचा माणूस पुन्हा शून्याच्या जवळून एसआयपी सुरू करतो, तेव्हा हातात निम्मीच वर्षं उरलेली असतात.

रक्कम कशी ठरवायची

पगाराच्या पटीत विमा घ्या, असा एक सोपा नियम सांगितला जातो. पण हॉस्पिटल बिल करताना पगार विचारत नाही. बिल ठरतं ते तीन गोष्टींवर: शहर, खोलीचा वर्ग आणि आजार किती चिघळला यावर. त्यामुळे हिशेब तिथूनच सुरू करायचा.

पहिली पायरी म्हणजे गंभीर आजार झाल्यावर आपण प्रत्यक्षात कुठे जाऊ हे ठरवणं. नाशिक, सांगली किंवा लातूरचं कुटुंब छोट्या दुखण्याला गावातच राहील, पण यकृत प्रत्यारोपण, गुंतागुंतीचा कर्करोग किंवा लांबलेलं आयसीयू असेल तर पुणे-मुंबई गाठेल. म्हणून हिशेब पुण्या-मुंबईच्या दराने करायचा. त्या रुग्णालयाच्या बिलिंग विभागात चौकशी केली तर खोलीचे आणि आयसीयूचे रोजचे दर कळतात. यकृत प्रत्यारोपणासारख्या उपचाराचा खर्च मोठ्या खासगी रुग्णालयात वीस लाखांच्या पुढे जाऊ शकतो. वरचं पॅन्क्रिएटायटिसचं उदाहरण 18 लाखांचं. तेव्हा आजच्या किमतीत मोठ्या बिलाचा अंदाज 20 ते 25 लाख धरणं रास्त आहे.

दुसरी पायरी काळाची. आजचा अंदाज आज पुरेसा असतो, पण पुढे विमा वाढवायला आपण तेव्हाही निरोगी असू याची हमी नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा स्टेंट आल्यानंतर कंपनी रक्कम वाढवायला नकार देऊ शकते, प्रीमियम वाढवू शकते किंवा वाढीव रकमेवर नव्याने प्रतीक्षा काळ लावू शकते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांनंतरच्या बिलाला पुरेल एवढी रक्कम निरोगी असतानाच बांधून ठेवायची. उपचाराचा खर्च दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर तो साधारण सात वर्षांनी दुप्पट होतो. आजचं 20 लाखांचं बिल सात वर्षांनी 40 लाखांच्या आसपास, आणि चौदा वर्षांनी 80 लाखांच्या आसपास जाईल. आपल्या नाशिकच्या घरातला नवरा तेव्हा 56 वर्षांचा असेल, म्हणजे मोठे आजार डोकं वर काढायच्या वयात.

तिसरी पायरी माणसांची. फ्लोटर पॉलिसीत एकच रक्कम सगळ्या घरासाठी असते. एका वर्षी दोघांना गंभीर आजार होण्याची शक्यता कमी असली तरी रस्त्यावरच्या अपघातात ती शक्यता अचानक खरी होते. म्हणून एका माणसाच्या अंदाजाच्या बरोबरीची रक्कम पूर्ण कुटुंबाला पुरेल असं मानू नये, थोडी जागा वर ठेवावी.

या तिन्ही पायऱ्या मिळून या घराचा आकडा 1 कोटीच्या आसपास येतो. एवढी रक्कम ऐकून धसका बसतो, कारण आपण मनात 5 लाखांच्या विम्याचा हप्ता वीसने गुणतो. तसं होत नाही. त्याचं कारण समजून घेतलं की स्वस्तात मोठी रक्कम कशी बांधायची तेही समजतं.

बेस आणि सुपर टॉप-अप

विमा कंपनीकडे येणारे बहुतेक क्लेम लहान असतात: डेंग्यू, अपेंडिक्स, मोतीबिंदू, मूतखडा. दहा लाखांच्या पुढे जाणारे क्लेम थोडे. म्हणून पहिल्या दहा लाखांसाठी कंपनी जास्त प्रीमियम मागते, आणि त्यावरच्या नव्वद लाखांसाठी त्या मानाने खूपच कमी. या स्वस्त वरच्या थराचं नाव सुपर टॉप-अप.

सुपर टॉप-अपमध्ये एक उंबरठा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. उंबरठा 10 लाखांचा असेल, तर त्या वर्षीच्या एकूण ग्राह्य खर्चातले पहिले 10 लाख ही पॉलिसी देत नाही, त्यापुढचं देते. ते पहिले 10 लाख बेस पॉलिसीतून यावेत, कंपनीच्या विम्यातून यावेत की खिशातून, याच्याशी तिचा संबंध नसतो. नाशिकच्या घराने 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर बेस म्हणून आणि त्यावर 10 लाखांच्या उंबरठ्याचा 90 लाखांचा सुपर टॉप-अप घेतला, तर 1 कोटी पूर्ण होतात.

इथे ‘सुपर’ हा शब्द नीट वाचावा. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या ॲडमिशनला स्वतंत्रपणे उंबरठा लावतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज बघतो. समजा जूनमध्ये 8 लाखांचं आणि जानेवारीत 9 लाखांचं ग्राह्य बिल आलं. बेसने पहिल्यांदा 8 लाख दिले, दुसऱ्यांदा उरलेले 2 लाख दिले. अजून 7 लाख बाकी आहेत. साधा टॉप-अप म्हणेल, दोन्ही बिलं 10 लाखांच्या आत आहेत, आमच्याकडून काही नाही. सुपर टॉप-अप म्हणेल, वर्षाची बेरीज 17 लाख, त्यातले 10 वजा जाता 7 लाख आमचे. कर्करोगासारख्या आजारात केमोसाठी वारंवार भरती व्हावं लागतं, तिथे हा फरक गुंतवणूक मोडायची की नाही हे ठरवतो.

यातून आणखी एक बारीक गोष्ट निघते, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. बेस आणि सुपर टॉप-अपची पॉलिसी वर्षं एकाच तारखेला सुरू व्हायला हवीत. बेस एप्रिलपासून आणि सुपर टॉप-अप ऑक्टोबरपासून असेल, तर जून आणि जानेवारीची बिलं बेसच्या एकाच वर्षात बसतात, पण सुपर टॉप-अपसाठी ती दोन वेगवेगळ्या वर्षांतली होतात. मग दोन्ही वर्षांत उंबरठा ओलांडला जात नाही, आणि ते 7 लाख पुन्हा घरावर येतात.

उंबरठा बेसएवढाच ठेवावा. बेस 5 लाखांचा आणि उंबरठा 10 लाखांचा ठेवला तर मधले 5 लाख खिशातून द्यावे लागतात. कंपनीचा 5 लाखांचा विमा आहे म्हणून ही फट चालवून घेण्याचा मोह होतो. पण तो विमा नोकरीसोबत असतो. नोकरी सुटली, कंपनीने योजना बदलली किंवा नेमका आजारपणामुळेच राजीनामा द्यावा लागला, तर तो जातो. कंपनीचा विमा बेरजेत धरायचाच नाही. तो आहे तोवर आधी वापरावा, पण घराचं गणित त्याच्याशिवाय जुळलं पाहिजे.

पॉलिसी मोठी, तरी खिशाला चाट

विम्याची रक्कम बिलापेक्षा जास्त असूनही दीड-दोन लाख खिशातून भरावे लागले, असं अनेक घरांत होतं. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. पॉलिसीत रोजच्या खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि आपण त्याहून महाग खोली घेतली, तर कपात फक्त खोलीभाड्यापुरती राहत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांवर त्याच प्रमाणात कात्री लागते. कारण मोठ्या रुग्णालयांत या सेवांचे दरही खोलीच्या वर्गानुसार बदलतात.

एका बिलावर हे पाहू. शस्त्रक्रियेसाठी सहा दिवसांची भरती, एकूण बिल 6 लाख. पॉलिसी 10 लाखांची, पण खोलीभाड्याची मर्यादा रोज 5 हजार. घेतलेली खोली 9 हजारांची. खोलीचे 54 हजार झाले, त्यातले 30 हजारच मिळणार, म्हणजे 24 हजार गेले. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि नर्सिंगचे 2 लाख 34 हजार. मर्यादा आणि प्रत्यक्ष भाडं यांचं प्रमाण पाचास नऊ, म्हणून यातले नऊपैकी चार भाग, म्हणजे 1 लाख 4 हजार कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे 2 लाख 82 हजार बहुतेक पॉलिसींत या कात्रीतून वाचतात. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे 30 हजार मात्र जातातच. एकूण 1 लाख 58 हजार खिशातून. विम्याची रक्कम दुप्पट केली असती तरी यातला एक रुपयाही वाचला नसता. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली किंवा ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ चालणारी पॉलिसी घेतली असती, तर 1 लाख 28 हजार वाचले असते.

म्हणून पॉलिसीच्या कागदात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. दुसरी, को-पे, म्हणजे प्रत्येक बिलाचा ठरावीक टक्का आपण भरायची अट. 20 टक्के को-पे असेल तर 20 लाखांच्या बिलात 4 लाख आपले, मग विमा कितीही कोटींचा असो. तिसरी, ठरावीक आजारांवरची उपमर्यादा, म्हणजे अमुक शस्त्रक्रियेला एवढेच पैसे. या तिन्ही अटी बेसप्रमाणेच सुपर टॉप-अपमध्येही तपासायच्या, कारण त्याच्या अटी वेगळ्या असू शकतात आणि उंबरठा मोजताना तो आपल्याच अटींनुसार ग्राह्य ठरणारा खर्च धरतो.

बिलातल्या न मिळणाऱ्या वस्तूंची यादी ठरलेली असते. त्यात हातमोजे आणि तत्सम वापरून टाकायच्या वस्तू, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचं जेवण अशा गोष्टी येतात. एकेक वस्तू लहान, पण तेहतीस दिवसांत त्यांचे लाखभर होतात. काही कंपन्या थोड्या जादा प्रीमियममध्ये यातल्या वस्तूंसाठी जोड-संरक्षण देतात, आणि लांब आयसीयूच्या विचाराने ते घेण्यासारखं असतं.

आणखी एक गैरसमज ‘रिस्टोरेशन’चा. रक्कम संपली की ती पुन्हा भरते, असं जाहिरातीत वाचून लोक 5 लाखांची पॉलिसी 10 लाखांची समजतात. काही पॉलिसींत ही पुन्हा भरलेली रक्कम त्याच माणसाच्या त्याच आजाराला चालत नाही, काहींत त्याच भरतीला चालत नाही. आपल्या 18 लाखांच्या बिलात आजार एक, भरती एक. अशा पॉलिसीत रिस्टोरेशनचा उपयोग शून्य होईल. ही सोय असली तर चांगलंच, पण रकमेच्या हिशेबात ती मिळवू नये.

विमा भरणार नाही ते कोण भरणार

आता पुन्हा त्या 18 लाखांच्या बिलाकडे येऊ, पण या वेळी घराने 10 लाखांचा बेस आणि 90 लाखांचा सुपर टॉप-अप घेतलेला आहे, दोन्हींत खोलीभाड्याची मर्यादा नाही. ग्राह्य खर्च 16 लाख 83 हजार. बेसने 10 लाख दिले, सुपर टॉप-अपने 6 लाख 83 हजार. खिशातून 1 लाख 17 हजार. बँकेतल्या 2 लाखांत हे भागलं, आणि फंडाला हात लागला नाही. कंपनीचा 5 लाखांचा विमा या हिशेबात धरलेलाच नाही. तो असेल तर सुपर टॉप-अपवरचा भार तेवढा हलका होतो.

कागदावर हे नीट जुळतं. प्रत्यक्षात अडचण येते ती डिस्चार्जच्या दिवशी. आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनुसार कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पण बेस एका कंपनीचा आणि सुपर टॉप-अप दुसऱ्या कंपनीचा असेल, तर कॅशलेस अनेकदा पहिल्या कंपनीपुरतं होतं. उरलेले 6 लाख 83 हजार हॉस्पिटल आपल्याकडून घेतं, आणि ते दुसऱ्या कंपनीकडून कागदपत्रं देऊन नंतर मिळवावे लागतात. पैसे येणार हे नक्की असतं, पण येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. अशा वेळी घाईने युनिट्स विकली जातात. शक्य असेल तर दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीकडून घेतल्या की ही दरी बरीच भरते. ते शक्य नसेल, तर म्युच्युअल फंड तारण ठेवून कर्ज घेण्याची सोय आधीच करून ठेवावी. इक्विटी फंडावर साधारण निम्म्या किमतीपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो, व्याज वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं लागतं, आणि विम्याचे पैसे आले की ते फेडता येतं. युनिट्स मात्र आपलीच राहतात.

यासाठी दवाखान्याची वेगळी रोकड असावी. मोठ्या बिलाच्या अंदाजाच्या दहा टक्के, म्हणजे आज 2 ते अडीच लाख रुपये, ही रक्कम या घराला ठीक बसते. यातून ॲडमिशनची अनामत, न मिळणाऱ्या वस्तू, डिस्चार्जनंतरची लांबलेली औषधं आणि पुण्यातल्या राहण्या-जेवणाचा खर्च निघावा. ही रोकड बचत खाते, मोडता येणारी मुदत ठेव आणि लिक्विड फंड यांत विभागून ठेवावी. लिक्विड फंडातून तत्काळ काढायची मर्यादा दिवसाला 50 हजारांची असते, उरलेली रक्कम साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी येते, म्हणून सगळं तिथेच ठेवू नये. घराच्या महिन्याच्या खर्चासाठीचा आपत्कालीन निधी याहून वेगळा ठेवावा. घरातला कमावता माणूस खाटेवर असतो तेव्हा बायकोच्या शिकवण्याही बंद पडतात, आणि हप्ते, शाळेची फी, किराणा या सगळ्याचा भार तो निधी उचलतो. दोन्ही एकच मानले, तर एकाच आजारपणात दोन्ही संपतात.

ज्यांना विमा लगेच मिळत नाही

या घराचे आई-वडील सत्तरीत आहेत, आणि वडिलांना मधुमेह आहे. त्यांना आपल्या फ्लोटरमध्ये घालू नये. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या एका भरतीत नातवंडांची रक्कमही खर्च होते. त्यांची पॉलिसी वेगळी हवी.

आधीपासूनच्या आजारांना पॉलिसी घेतल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लावता येतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा काही ठरावीक उपचारांनाही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची वाट असते. या काळात त्या आजारांचं बिल घरावर येतं. म्हणून त्या दोन-तीन वर्षांसाठी त्या माणसाच्या नावाने काही लाख मुदत ठेवीत वेगळे काढावेत. प्रतीक्षा काळ संपला की हे पैसे मोकळे होतात, आणि मगच ते दीर्घकालीन फंडात टाकावेत. प्रतीक्षा टाळण्यासाठी अर्जात मधुमेह लपवणं मात्र फार महाग पडतं. पुढे किडनीचा आजार झाला आणि जुन्या कागदपत्रांत साखरेची औषधं सापडली, की क्लेम नाकारला जातो. तोवरचे हप्तेही गेले आणि गुंतवणूकही मोडावी लागली, अशी दुहेरी पाळी येते.

सत्तरी ओलांडलेल्यांना एक आधार आहे. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न काहीही असलं तरी, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. हे उपचार योजनेत समाविष्ट रुग्णालयांत आणि ठरवलेल्या पॅकेजांनुसारच होतात, तेव्हा आपल्या नेहमीच्या खासगी हॉस्पिटलमध्ये ते चालेलच असं नाही. तरीही कार्ड आजच काढून ठेवावं, आणि जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते पाहून ठेवावं. ज्यांना विमा कंपन्या नकार देतात, त्यांच्यासाठी हे कार्ड आणि बाजूला ठेवलेली मुदत ठेव एवढीच तटबंदी असते.

पुढच्या रिन्युअलच्या आधी

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी गेला. सुपर टॉप-अप घ्यायचा राहिला असेल, तर हा हात मोकळा झाला आहे. जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायची गरज नाही. खोलीभाड्याची मर्यादा किंवा को-पे खटकत असेल, तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतं, आणि आधीच पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ जुन्या रकमेपुरता सोबत येतो. त्यासाठी अर्ज रिन्युअलच्या तारखेच्या किमान 45 दिवस आधी द्यावा लागतो. नवी कंपनी तपासणी करून नकार देऊ शकते, म्हणून नव्याचा होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये.

आपली पॉलिसी घेऊन बसा आणि वर दिलेलं 18 लाखांचं बिल तिच्यावर ठेवून बघा. कोणती ओळ कोण भरणार, पैसे त्याच दिवशी मिळणार की नंतर, आणि उरलेली रक्कम कोणत्या खात्यातून जाणार, हे समोर लिहा. ज्या ओळीसमोर ‘म्युच्युअल फंड’ किंवा ‘पीपीएफ’ असं लिहावं लागेल, ती ओळ भरून काढायला आपल्याकडे पुढच्या रिन्युअलपर्यंतचा वेळ आहे.